छप्पर असलेलं अक्षर

माझे वडील मशीद बंदरला माथाडी कामगार होते. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी गोदामात शंभर गोणींतून कुठली गोणी कुणाची हे ते बरोबर सांगायचे, कारण प्रत्येक व्यापाऱ्याचा मार्का गोणीवर रंगवलेला असायचा. त्रिकोणात दोन अक्षरं, चौकटीत एक आकडा, एखादी आडवी रेघ. वडील म्हणायचे, "मला वाचता येत नाही, पण ओळखता येतं." लहानपणी मला हे वाक्य फक्त त्यांचं समाधान वाटायचं. ती एक रीतसर विद्या आहे हे मला यीवूला गेल्यावर कळलं.

यीवू हे चीनच्या जजियांग प्रांतातलं शहर. तिथल्या घाऊक बाजाराच्या पहिल्याच विभागात खेळण्यांच्या जोडीला कृत्रिम फुलांची दुकानं आहेत. गणपतीच्या मखराला आपण ज्या प्लास्टिकच्या वेली आणि कापडी झेंडूच्या माळा लावतो, त्यांतला बराच माल या बाजारातून येतो. मी मुंबईत सजावटीच्या मालाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे खरेदीचं काम पाहते. एप्रिल 2024 मध्ये शेठनी मला पहिल्यांदा यीवूला पाठवलं.

तिथे रोख पैसे कुणी नाकारत नाही, पण सुट्ट्यासाठी शेजारच्या दुकानात पळावं लागतं. सगळा व्यवहार फोनवर चालतो. मी मुंबईतूनच अलीपे टाकून घेतलं होतं. पासपोर्टची माहिती भरली, कंपनीचं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडलं, त्या कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमध्ये आठवणीने सुरू केला. ॲपची भाषा इंग्रजी ठेवली की आपल्याला वाटतं, झालं, आता अडायचं काही नाही. अडतं ते पुढेच. इंग्रजी होतात ती ॲपची स्वतःची बटणं. दुकानदाराने भरलेलं सगळं, म्हणजे दुकानाचं नाव, मालाचं वर्णन, टेबलावरच्या कोडातून उघडणारा मेन्यू, हे चिनीच राहतं. आणि पैशाच्या बाबतीत जे खरोखर तपासायचं असतं, ते नेमकं याच भागात असतं.

पहिल्या रात्रीच याचा अनुभव आला. हॉटेलजवळच्या नूडल्सच्या दुकानात टेबलावर कोड चिकटवलेला होता. स्कॅन केला, चित्रं पाहून एक वाडगा निवडला, खालचं मोठं बटण दाबलं, अठरा युआनचा आकडा आला, आणखी एक बटण दाबलं. स्क्रीनवर तीन अक्षरं आली: 待支付. मला वाटलं, पैसे गेले. पंधरा मिनिटं झाली तरी वाडगा येईना. शेवटी काउंटरवरच्या बाईंनी माझा फोन पाहिला, हसल्या, त्या तीन अक्षरांतल्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग बोट खालच्या बटणाकडे नेलं. मी ते दाबलं, पासवर्ड टाकला, आणि स्क्रीनवर पुन्हा तशीच तीन अक्षरं आली. पहिलं तेवढं बदललं होतं: 已支付.

मागची दोन अक्षरं म्हणजे पैसे देणं. ती दोन्हीकडे सारखीच. सगळा अर्थ पहिल्या अक्षरात. 待 म्हणजे वाट पाहणं, पैसे अजून यायचेत. 已 म्हणजे झालं. याच जागी 未 आलं तर झालेलं नाही. मराठीत 'दिले', 'द्यायचेत', 'दिले नाहीत' यांतला फरक शब्दाच्या शेपटाकडे असतो, म्हणून आपली नजर सवयीने शेवटाकडे जाते. तिथे तो तोंडाशी असतो. त्या रात्री वाडग्यातली वाफ तोंडावर घेत मी डायरीत ही तीन चिन्हं काढली. शेजारी आणखी तीन: 付 म्हणजे देणं, डावीकडे उभ्या माणसासारखी खूण असलेलं. 收 म्हणजे घेणं. आणि 退, खाली होडीसारखी लांब वळलेली रेघ असलेलं, म्हणजे परत. पैशाची स्क्रीन वाचायला एवढ्या सहा खुणा बऱ्यापैकी पुरतात. दिशा कुठली आणि काम झालं की व्हायचंय, एवढं त्यांतून कळतं.

देणं आणि घेणं यांत गोंधळ होण्याचं कारण असं की कोड दोन तऱ्हेचे असतात. एक दुकानदाराचा, भिंतीवर किंवा टेबलावर चिकटवलेला. तो आपण स्कॅन करायचा आणि रक्कम आपणच टाकायची. दुसरा आपल्या फोनमधला, दुकानदार आपल्या यंत्राने तो वाचून घेतो. हा दुसरा कोड दर मिनिटाला बदलतो, आणि छोट्या रकमेला पासवर्डही विचारला जात नाही, म्हणून तो उघडून फोन कुणाच्या हातात देऊ नये किंवा त्याचं चित्र काढून कुणाला पाठवू नये. भिंतीवरच्या कोडात धोका वेगळा असतो. त्यात रक्कम आपली असते, पण पैसे नेमके कुणाला जातात हे स्क्रीनवर वाचायला लागतं. पहिल्या फेरीत मी ते वाचलं नाही.

फुलांच्या बाजारात तिसऱ्या दिवशी मला हव्या तशा माळा मिळाल्या. झेंडूचा रंग आपल्याकडच्यासारखा तांबूस पिवळा, पाच फुटांची माळ, हाताला कापड खरखरीत नाही. यीवूत भाव कॅल्क्युलेटरवर ठरतो. दुकानदारीणबाईंनी 1.30 लिहून तो माझ्यापुढे सरकवला, मी 1.10 लिहिलं, त्यांनी 1.20 लिहून दोन्ही हात टेबलावर ठेवले. ठरलं. एका खोक्यात 240 माळा, 30 खोकी, म्हणजे 7,200 माळा आणि 8,640 युआन. त्याचे तीस टक्के आधी द्यायचे, 2,592 युआन. उरलेली रक्कम माल तयार झाल्यावर बँकेमार्फत जाणार होती. नमुन्यांचे आणि आधीचे पैसे तेवढे कार्डावरून द्यायचे असं शेठनी सांगितलं होतं.

भिंतीवरचा कोड स्कॅन केला तर ॲपने पैसे घ्यायलाच नकार दिला. परदेशी कार्डावरून व्यापारी कोडाला पैसे जातात, एखाद्या माणसाच्या खासगी कोडाला जात नाहीत, आणि हा कोड खासगी होता. बाईंनी ड्रॉवरमधून दुसरा कोड काढला. तो चालला. स्क्रीनवर दुकानाचं नाव आणि कंसात दोन तारे आणि एक अक्षर आलं. माणसाच्या नावाची सुरुवात झाकून शेवटचं अक्षर दाखवायची तिथली रीत आहे. मी 2,592 टाकले. दोनशे युआनपर्यंतच्या व्यवहाराला परदेशी कार्डावर शुल्क लागत नाही, त्यावर गेलं की पूर्ण रकमेवर तीन टक्के लागतात. म्हणून कार्डावर 77.76 जादा, एकूण 2,669.76. पासवर्ड टाकताच काउंटरवरचा छोटा स्पीकर बोलला: झीफुबाओ दाओझांग, आणि पुढे आकडा. आपल्या चहाच्या टपरीवरचा डबा 'रुपये प्राप्त हुए' म्हणतो, तसंच. बाईंनी कार्बनच्या पुस्तकात पावती लिहिली, गोल लाल शिक्का मारला, मधली प्रत फाडून दिली. आमच्या तिथल्या एजंटकडची मुलगी दुभाषी म्हणून माझ्याबरोबर होती. तिला मी विचारलं, "हे ॲडव्हान्सचंच ना?" तिने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, दिंगजिन. मुलगी म्हणाली, "हो, दिंगजिन, ॲडव्हान्स." मी पावतीचा फोटो काढून भाषांतराच्या ॲपमध्येही पाहिला. तिथेही अर्थ ठेव, आगाऊ रक्कम असाच आला.

मी परत आल्यावर दहा दिवसांत शेठना भिवंडीच्या एका गोदामात तसाच माल तयार मिळाला, आणि त्यांनी मला यीवूची ऑर्डर रद्द करायला सांगितलं. मी एजंटला कळवलं, ॲडव्हान्स परत मागवा. उत्तर आलं, पैसे परत मिळणार नाहीत. मी पावतीचा फोटो पुन्हा उघडला आणि त्यातली दिंगजिनची दोन अक्षरं एजंटच्या ऑफिसातल्या थोरल्या माणसाला दाखवली. फोनवर ते म्हणाले, "यात छप्पर आहे."

छप्पर म्हणजे काय, हे त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. दिंगजिन दोन तऱ्हेने लिहितात. 定金 आणि 订金. दुसरं अक्षर एकच, त्याचा अर्थ सोनं, पैसा. पहिलं अक्षर वेगळं. एकाच्या डोक्यावर छपरासारखी खूण आहे, तर दुसऱ्याच्या डाव्या अंगाला बोलण्याची बारीक खूण आहे. उच्चार मात्र दोन्हींचा तंतोतंत एक, सूरसुद्धा एक. म्हणून तोंडी विचारून काहीच कळत नाही. एजंटकडच्या मुलीने विचारलं, बाईंनी उत्तर दिलं, दोघीही खरं बोलल्या, आणि तरी मला जे कळायला हवं होतं ते कळलं नाही. ते फक्त कागदावर दिसत होतं.

फरक कायद्याचा आहे. चीनच्या नागरी संहितेत, जी 1 जानेवारी 2021 पासून लागू झाली, छपराच्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. देणाऱ्याने करार मोडला तर ती रक्कम बुडाली. घेणाऱ्याने मोडला तर त्याने दुप्पट परत करायची. बोलण्याच्या खुणेच्या शब्दाला असा अर्थ नाही. ती नुसती आधी दिलेली रक्कम, वेगळं काही ठरलं नसेल तर परत मागता येणारी.

मी फोन ठेवला आणि मला आपलाच शब्द आठवला. विसार. गावाकडे जमिनीचा व्यवहार ठरला की विसार पावती करतात, आणि घेणारा मागे फिरला तर विसार बुडाला हे खेड्यातल्या पोरालाही माहीत असतं. ॲडव्हान्स वेगळा. दुकानदार ज्याला ॲडव्हान्स म्हणतो, तो माल न घेतल्यास आपण भांडून परत मागतो. म्हणजे हा भेद माझ्या भाषेत होताच, दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळ्या उच्चारांनी. मी तो 'ॲडव्हान्स' या एका शब्दात गुंडाळून एजंटकडच्या मुलीच्या हाती दिला होता, आणि भाषांतराच्या ॲपनेही तेच केलं. चूक तिची नव्हती. प्रश्नच मी अर्धा विचारला होता.

त्याच फोनवर त्या माणसाने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि तिचा मला जास्त त्रास झाला. विसाराची रक्कम कराराच्या किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. त्यापुढच्या रकमेला विसाराचं बळ नाही. 8,640 चे वीस टक्के 1,728. आम्ही दिले होते 2,592. म्हणजे 864 युआन परत मागायला आम्हाला जागा होती. मी दुकानाकडे ते मागितले, तेव्हा बाईंनी विचारलं, पैसे कुणाला दिले ते दाखवा. मी ॲपमधलं बिल उघडलं. त्यात व्यवहाराच्या तपशिलाखाली एक ओळ असते, 收款方全称, पैसे घेणाऱ्याचं पूर्ण नाव. त्या ओळीतलं नाव आणि पावतीवरच्या लाल शिक्क्यातलं नाव वेगळं होतं. ड्रॉवरमधून आलेला तो कोड त्यांच्या घरातल्या कुणाच्या तरी दुसऱ्या दुकानाचा होता. पावती एकाची, पैसे दुसऱ्याला. ज्याच्या शिक्क्याखाली विसार लिहिला, त्याला माझ्या फोनवरून एक युआनही गेलेला दिसत नव्हता. ते 864 मी सोडून दिले. शेठ मला एक शब्दही बोलले नाहीत, आणि ते मला जास्त जड गेलं.

त्यानंतरचं वर्षभर मी चिनी शिकले नाही. तेवढा वेळही नव्हता आणि तो माझा हेतूही नव्हता. मी मार्के शिकले. वडील जसे मार्का बघायचे, तसं अक्षराचा अर्थ न शोधता त्याची ठेवण बघायची. छप्पर आहे का, बाजूला माणूस आहे का, खाली होडी आहे का. रोज रात्री जेवणानंतर जुन्या पावत्या काढून बसायचं आणि त्यांतलं एक चिन्ह शोधायचं. पावतीच्या तळाशी रक्कम दुसऱ्यांदा लिहिलेली असते, ती मोठ्या, रेघांनी भरलेल्या अंकांत. आपल्याकडे 'अक्षरी रुपये' लिहितात त्याच कारणाने. साधा चिनी एक म्हणजे एक आडवी रेघ, त्याला आणखी एक रेघ जोडली की दोन होतो, उभी रेघ मारली की दहा. म्हणून पैशाच्या कागदावर एकासाठी 壹 लिहितात, दोनासाठी 贰. 2,592 लिहायचे तर 贰仟伍佰玖拾贰元整, शेवटचं अक्षर म्हणजे आपलं 'फक्त'. पाहिल्यावर भीती वाटते, पण ही दहा-पंधराच चिन्हं आहेत आणि ती सगळ्या पावत्यांवर तीच येतात. वडिलांनी गोणीवरचे याहून जास्त मार्के लक्षात ठेवले होते.

एप्रिल 2025 मध्ये मी पुन्हा यीवूला गेले. या वेळी दुसरं दुकान, तशाच माळा. भाव 1.30 ला तुटला, 25 खोकी, 6,000 माळा, 7,800 युआन. त्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. गिऱ्हाईक जुलैपासून खरेदीला लागतं, म्हणून माल मेअखेरीस कारखान्यातून निघायलाच हवा होता. उशिरा आलेल्या माळांचं सप्टेंबरात काय करायचं? दुकानदाराने पावतीचं पुस्तक उघडलं आणि लिहायला सुरुवात केली. मी टेबलाच्या त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्याने तो शब्द लिहिला. पहिल्या अक्षराच्या डाव्या अंगाला बोलण्याची खूण होती. साधा ॲडव्हान्स. गेल्या वर्षी मला हवा होता तो हाच शब्द.

मी त्याला थांबवलं. एजंटकडची मुलगी तीच होती, आता मला 'जिए', ताई म्हणायची. मी डायरी उघडून तिला छप्पर असलेलं अक्षर दाखवलं आणि म्हटलं, मला हे हवंय. ती चकित झाली. "ताई, मागच्या वेळी याच शब्दात पैसे गेले तुमचे." मी तिला सांगितलं की मागच्या वेळी आम्ही फिरलो, या वेळी आम्ही फिरणार नाही. या वेळी भीती आहे ती यांच्याकडून उशीर होण्याची. नुसता ॲडव्हान्स असेल तर उशीर झाल्यावर हे पैसे परत करतील आणि आमचा हंगाम जाईल. विसार असेल आणि माल देण्याची तारीख त्याच कागदावर असेल, तर दुप्पट परत करण्यापेक्षा यांना माल वेळेवर काढणं परवडेल.

दुकानदाराने ऐकून घेतलं, जरा वेळ कॅल्क्युलेटरशी खेळला, मग आतल्या खोलीत फोन करून कारखान्याशी बोलला. परत येऊन त्याने पान फाडलं आणि नवं लिहिलं. तीस टक्के मी मान्य केले नाहीत. वीस टक्क्यांचे 1,560, आणि खाली अक्षरी 壹仟伍佰陆拾元整. त्याखाली माल देण्याची तारीख, 28 मे. शिक्का मारला तेव्हा शाई वाळेपर्यंत मी पावती हातात घेतली नाही, शिक्क्याच्या कडेने फिरणारं नाव एकेक अक्षर करून डायरीत उतरवलं. मग कोड मागितला. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर आलेलं नाव शिक्क्याच्या नावाशी जुळवलं. पहिली चार अक्षरं जुळली, पाचवं जुळेना. मी फोन त्याच्यापुढे धरला. तो हसला, ते अक्षर शिक्क्यात जुन्या वळणाने कोरलं होतं, छापील अक्षर तेच. एजंटकडच्या मुलीने दोन्ही पाहून मान डोलावली. तरीही मी आधी एक युआन पाठवला, बिल उघडून पूर्ण नावाची ओळ पाहिली, आणि ते नाव दुकानात भिंतीवर टांगलेल्या परवान्यातल्या नावाशी ताडून पाहिलं. जुळलं.

रकमेच्या चौकटीखाली शेरा लिहायची जागा असते. सहसा लोक ती रिकामी सोडतात. तिथे लिहिलेलं मात्र व्यवहाराच्या बिलात राहतं, दोन्ही बाजूंना. मी उरलेले 1,559 टाकले आणि शेऱ्याच्या जागी बोटाने लिहायचा कीबोर्ड उघडला. छप्पर आधी काढायचं असतं, वरचा टिंब, डावीकडची छोटी रेघ, मग वळण घेऊन उजवीकडे. त्याखाली पाच रेघा. एकूण आठ. पहिल्यांदा ॲपने वेगळंच अक्षर सुचवलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा रेघा सुट्या सुट्या, सावकाश काढल्या, आणि सुचवलेल्यांत ते आलं. दुसरं अक्षर त्यामागे आपोआप आलं. मी पासवर्ड टाकला. काउंटरवरचा स्पीकर बोलला, आणि मी पहिल्यांदाच त्यातला आकडा स्क्रीनकडे न बघता ऐकला.